पाचवीत इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांची घरगुती शिकवणी: आधी बॅच, मग वेळ, फी शेवटी

गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत, मराठी नाहीतर कोकणी माध्यमाची. पाचवीला मूल हायस्कुलात जातं आणि गणित, विज्ञान, समाजशास्त्र सगळं एकदम इंग्रजीतून सुरू होतं. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या भागांत घरगुती ट्यूशनला सर्वांत जास्त मागणी असते ती याच मुलांची. दहावीच्या मुलांना मोठे क्लासेस मिळतात, पहिली-दुसरीच्या मुलांचं घरी आई-आजी पाहून घेतात. मधल्या मध्ये अडकतो तो पाचवी-सहावीवाला. तेव्हा हा लेख फक्त पाचवी ते सातवीच्या, मराठी शाळेतून आलेल्या मुलांच्या शिकवणीबद्दल आहे. अकरावी-बारावीचं गणितच वेगळं असतं, त्यात इथे शिरत नाही.

नव्याने ट्यूशन सुरू करणारी माणसं पहिला प्रश्न विचारतात, "फी किती ठेवू?" मग शेजारची बाई घेते त्यापेक्षा पन्नास रुपये कमी लावतात, येतील तेवढी मुलं घेतात आणि ऑगस्टपर्यंत घशाची वाट लागते. माझ्या मते क्रम उलटा हवा. एका मुलाला तुमची किती मिनिटं लागणार हे आधी कळलं पाहिजे. त्यावरून बॅच किती मुलांची ते ठरतं, बॅचवरून आठवड्याचे दिवस आणि वेळ, आणि हे सगळं कागदावर आल्यावर फीचा आकडा आपोआप समोर येतो.

पहिले दोन आठवडे: मूल कुठे अडतं ते पाहा

मूल आलं की लगेच धडा पहिला उघडू नका. शाळेचं पुस्तक घ्या आणि एक-एक मुलाला वेगळं बसवून तीन गोष्टी करून पाहा. एका मुलाला वीसेक मिनिटं लागतात.

पहिली गोष्ट, इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. अर्थ विचारू नका, फक्त वाचू द्या. काही मुलं ओळखीचे शब्द चित्रासारखे पाठ केलेले असल्यामुळे धडाधड वाचतात आणि नवा शब्द आला की थांबतात. काही प्रत्येक अक्षर सुटं म्हणतात. काहींना छोटी आणि मोठी लिपी दोन्ही धड येत नाहीत. या तीन प्रकारच्या मुलांना तुमचा लागणारा वेळ अगदी वेगवेगळा असतो.

दुसरी गोष्ट, आकडे. इंग्रजीत वीस आकडे सांगा आणि वहीत लिहून घ्या. मराठीत आपण एकक आधी म्हणतो, 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी येतो. इंग्रजीत चाळीस आधी. त्यामुळे 'फोर्टी सेवन' ऐकून मूल मनात सत्तेचाळीस करतं आणि घाईत चौऱ्याहत्तर लिहून बसतं. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणसत्तर या आकड्यांची तर हमखास गडबड. शिवाय जी मुलं देवनागरी आकड्यांत गणित करून आली आहेत त्यांना इंग्रजी नऊ हा आपल्या एकासारखा दिसतो आणि इंग्रजी आठ आपल्या चारासारखा. बेरजेची रीत बरोबर आणि उत्तर चुकलेलं, असं दिसलं तर आधी आकड्यांचं लेखन तपासा.

तिसरी गोष्ट सर्वांत उपयोगाची. एकच उदाहरण दोनदा द्यायचं, एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत, आकडे तेवढे बदलून. दुकानदाराकडे २५० नारळ होते, त्याने १७८ विकले, किती उरले? हेच इंग्रजीत, समजा ३४० आणि १६५ घेऊन. दोन्हीकडे बरोबर आलं तर मूल ठीक आहे, त्याला सराव पुरे. मराठीत येतं आणि इंग्रजीत अडतं, तर गणित पक्कं आहे, भाषा कच्ची आहे. मराठीतही येत नसेल तर हातच्याची वजाबाकीच नीट झालेली नाही, आणि इंग्रजीच्या नावाने रडत बसण्यात अर्थ नाही. पालक बहुतेक वेळा सांगतात, "टीचर, त्याचं इंग्लिश वीक आहे." तपासल्यावर निम्म्या वेळा तिसरी-चौथीचं गणित कच्चं निघतं.

इंग्रजीत येतं आणि मराठीत येत नाही असंही एखादं मूल सापडतं. त्याने बहुधा उदाहरणाचा साचा पाठ केलेला असतो: दोन आकडे, शेवटी प्रश्नचिन्ह, म्हणजे वजाबाकी. त्याला तिथेच एक बेरजेचं उदाहरण द्या, लगेच कळतं.

या तपासणीची नोंद एका कोऱ्या वहीत करा, प्रत्येक मुलाला एक पान. सप्टेंबरमध्ये पालक "काही फरक दिसत नाही" म्हणायला आले की जूनचं ते पान दाखवता येतं.

बॅच सहाचीच का

माझा क्लास दीड तासाचा, म्हणजे ९० मिनिटं. त्यात पहिली दहा मिनिटं मागच्या दिवसाची उजळणी. वीस मिनिटं नवा भाग. शेवटची दहा मिनिटं वही भरणं, पुढचं काम देणं, चपला-छत्र्या शोधणं. झाली चाळीस. उरलेली पन्नास मिनिटं मुलं स्वतः काम करतात आणि मी एकेकाजवळ जाऊन बसते, त्याचं वाचन ऐकते, वही पाहते, चुकलेलं उदाहरण त्याच्याकडून पुन्हा करून घेते.

पन्नास मिनिटं सहा मुलांत वाटली तर प्रत्येकाला आठ मिनिटं मिळतात. दहा मुलांत पाच. पंधरा मुलांत तीन-साडेतीन. मोठ्याने परिच्छेद वाचायला एका अडखळणाऱ्या मुलाला तीन मिनिटं लागतात आणि एक उदाहरण चूक शोधून पुन्हा करायला चार-पाच. म्हणजे आठ मिनिटांत दोन्ही होतात, पाच मिनिटांत एकच होतं, तीन मिनिटांत फक्त 'बरोबर'ची खूण करता येते. इंग्रजी माध्यमातूनच आलेली, वाचता येणारी मुलं असती तर दहाची बॅचही चालली असती. या मुलांना ती चालत नाही.

बॅच मोठी झाली आहे हे कसं ओळखायचं? घरचा अभ्यास सगळ्यांचा छान आणि शाळेच्या टेस्टमध्ये गुण नाहीत, ही पहिली खूण. याचा अर्थ मुलं एकमेकांचं पाहून किंवा गाईडमधून उतरवत आहेत आणि तुमच्या लक्षात येत नाहीये. दुसरी खूण, "कळलं?" विचारल्यावर सगळी एका सुरात "कळ्ळें टीचर" म्हणतात. पुस्तक मिटवून एकाला विचारा, "पानं अन्न कसं तयार करतात ते सांग, मराठीतून सांग, कोकणीतून सांग, कसंही सांग." तीन वाक्यं आली तर कळलं आहे. 'प्लँट्स मेक देअर ओन फूड' एवढंच पाठ म्हटलं तर नाही.

मुलं एकाच इयत्तेची असली तरी शाळा किती आहेत हे पाहायला विसरू नका. एका शाळेत आधी अपूर्णांक घेतात, दुसऱ्या शाळेत भूमिती. पोर्शन पुढेमागे, टेस्टच्या तारखा वेगळ्या. सहा मुलं पाच शाळांची असली तर नवा भाग एकत्र शिकवताच येत नाही, सहा वेगळ्या ट्यूशन एका खोलीत चालवल्यासारखं होतं. एका बॅचला दोन शाळा इथवर ठीक. मी तर प्रवेश देताना मुलाच्या गुणांआधी शाळा विचारते.

पाचवी आणि सहावी एकत्र बसवण्याचा मोह होतो, विशेषतः भावंडं असली की. गणिताच्या सरावाला एकत्र बसवा हवं तर, पण नवा भाग शिकवायची वीस मिनिटं दोन इयत्तांत वाटली की दोघांनाही दहाच मिळतात.

आणि ज्या मुलाला अक्षरंच येत नाहीत त्याला बॅचमध्ये लगेच घालू नका. त्याला पहिले दोन महिने आठवड्यातून दोनदा अर्धा तास वेगळं बसवा, नुसतं वाचन. बॅचमध्ये तो गप्प बसायला शिकतो, दुसरं काही शिकत नाही.

जागा आणि नियम

दहा बाय बाराच्या खोलीत किंवा सोप्यावर सहा मुलं सतरंजीवर, पुढे बुटकी टेबलं घेऊन, कोपराला कोपर न लागता बसतात. एक पांढरा फळा, चांगला उजेड, एक पंखा. पावसात वीज जाते, तेव्हा चार्जिंगचा दिवा भरून ठेवलेला हवा. छत्र्या आणि रेनकोट टांगायला दाराबाहेर दोरी बांधा, नाहीतर जून-जुलैत वह्या ओल्या होतात. खोलीचं दार उघडं, घरात आणखी कोणी मोठं माणूस, आणि मूल कोण न्यायला येणार हे आधीच वहीत लिहिलेलं, हे तीन नियम मी कुणासाठीही मोडत नाही.

कायद्याचं थोडक्यात. गोव्यात कोचिंग क्लासेससाठी २००१ चा नियमन कायदा आहे. त्यात कोणती शिकवणी येते आणि नोंदणी कधी लागते हे पर्वरीच्या शिक्षण संचालनालयात किंवा तुमच्या तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात विचारून, जमल्यास लेखी उत्तर घेऊन, मगच बॅच वाढवा. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने काढलेली मार्गदर्शक तत्त्वं, ज्यांत १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये असं म्हटलं आहे, ती ५० पेक्षा जास्त मुलांच्या कोचिंगसाठी आहेत. सहा-सहाच्या दोन बॅच, म्हणजे बारा मुलांची घरगुती ट्यूशन त्यांच्या व्याख्येत बसत नाही. मात्र तुम्ही शाळेत शिक्षक असाल तर गोष्ट वेगळी. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २८ नुसार शाळेतल्या शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही. 'घरीच तर घेते' ही सबब त्यात चालत नाही.

वेळ: दुपारचे साडेतीन

आपल्याकडे बहुतेक हायस्कुलं सकाळी आठच्या आसपास भरतात आणि दुपारी दीडच्या सुमारास सुटतात. मूल बस पकडून घरी येईपर्यंत दोन-सव्वादोन. जेवण, थोडी झोप. अडीचला बोलावलंत तर मूल शरीराने येईल, डोळे मिटलेले असतील. संध्याकाळी सहाला ठेवलंत तर मैदान, भजन, नाच, तबला यांच्याशी टक्कर, आणि पावसाळ्यात अंधार. साडेतीन ते पाच ही वेळ मला सर्वांत चांगली वाटते. पाचनंतर मूल खेळायला मोकळं राहतं, त्यामुळे यायला कुरकुर करत नाही.

पालकांना रोज ट्यूशन हवी असते. त्यांचा हिशेब सोपा असतो, मूल दीड तास कुठेतरी बसलेलं राहील. पण रोज ट्यूशन असली की मूल घरी एकटं बसून काहीच करत नाही, आणि ज्याने एकट्याने वाचलेलं नाही त्याला परीक्षेच्या हॉलमध्ये एकट्याने वाचता येत नाही. म्हणून एका बॅचला आठवड्यातून तीन दिवस. पाचवीला सोमवार, बुधवार, शुक्रवार. सहावीला मंगळवार, गुरुवार, शनिवार. मधल्या दिवशी घरी करायचं काम अर्ध्या तासाचंच द्यायचं, पण ते तपासायचं.

इथे एक वाद हमखास होतो, शाळेचा गृहपाठ. "टीचर, गृहपाठ तिथेच पूर्ण करून पाठवा." दीड तासातला एक तास गृहपाठात गेला की तुम्ही पगारी उतरवून-घेणारे झालात. मी प्रवेशाच्या दिवशीच सांगते की गृहपाठात जे अडलं असेल तेवढंच इथे पाहू, रोज जास्तीत जास्त वीस मिनिटं, तीही एकेकट्याला द्यायच्या पन्नास मिनिटांतून. उरलेलं घरी.

आता वर्षाचं पंचांग मांडा. २०२५ पासून सहावी ते दहावीच्या वर्गांचं वर्ष गोव्यात एप्रिलमध्ये सुरू होऊ लागलं, मग मे महिन्याची सुट्टी आणि जूनमध्ये पुन्हा शाळा. एप्रिलचे दिवस मी फारसे धरत नाही. उकाडा, लग्नं, एखाद्या वर्षी शिरगावची लईराईची जत्रा, निम्मी मुलं आजोळी. तेवढ्यात वर सांगितलेली तपासणी उरकते. पाचवीच्या मुलांची ती जूनमध्ये.

खरी शिकवणी जून ते मार्च, साधारण ४३ आठवडे. आठवड्याला तीन धरले तर १२९ क्लास. त्यातून चवथीचा, म्हणजे गणपतीचा, दीड आठवडा काढा. दिवाळीत एक आठवडा, आणि खरं सांगायचं तर त्याच्या आधीचे तीन-चार दिवस मुलं नरकासुराच्या पुतळ्याच्या सांगाड्यात डोकं घालून असतात, त्या दिवसांत नवा भाग काढूच नका. नाताळचा आठवडा. झाले साडेतीन आठवडे, म्हणजे दहा-अकरा क्लास कमी. उरले ११८. गावची जत्रा, दत्तजयंती, तुमचा ताप, अतिवृष्टीमुळे शाळांना दिलेली सुट्टी यांना आठ धरा. पालकांना वर्षाला ११० क्लासचा शब्द द्या, म्हणजे महिन्याला सरासरी अकरा. नियम असा ठेवा की पावसामुळे सरकारने शाळा बंद ठेवल्या तर ट्यूशनही बंद. वाळवंटी नदीला पाणी चढलेलं असताना 'माझा क्लास चुकायला नको' म्हणून कुणी मुलाला पाठवू नये.

शिगमोचे दिवस मार्चमध्ये येतात आणि वार्षिक परीक्षाही. गावच्या मेळात नाचणारं मूल रात्री बाराला झोपतं. त्या पंधरा दिवसांत दीड तासाऐवजी एक तास, फक्त जुन्या प्रश्नपत्रिका.

फी: हिशेब मांडून दाखवते

पुढचे आकडे म्हणजे आमच्या गावातला दर नव्हे. हिशेब कसा करायचा ते दिसावं म्हणून घेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

दोन बॅच, सहा-सहा मुलं, म्हणजे बारा. महिन्याला प्रत्येक बॅचचे अकरा क्लास, दीड तासाचे. दोन्ही मिळून ३३ तास शिकवणं. यात वह्या तपासणं, पुढच्या दिवसाची उदाहरणं काढणं, टेस्ट पेपर तयार करणं धरलेलं नाही, आणि नवे शिक्षक इथेच फसतात. शिकवण्याच्या दोन तासांमागे एक तास तयारीचा लागतोच. म्हणजे आणखी साडेसोळा. एकूण साधारण ५० तास.

या एका तासाचे तुम्हाला किती सुटायला हवेत? समजा १५० रुपये. पन्नास तासांचे झाले ७,५००. त्यात खर्च मिळवा: झेरॉक्स ४००, वीज २००, फळ्याचे पेन आणि कागद १५०, किरकोळ १५०. झाले ९००. एकूण ८,४००.

आता या ८,४०० ला बाराने भागलं तर ७०० येतात. बाराने भागू नका. बारा जागा वर्षभर कधीच भरलेल्या नसतात. एखादं मूल दिवाळीनंतर सोडतं, एखाद्याला तुम्ही स्वतःच सवलत देता, एखाद्याची फी दोन महिने अडकते. दहाने भागा. ८४० येतात, ८५० ठेवा.

मग उलट तपासून पाहा. बाराही मुलांची फी आली तर १०,२००, खर्च वजा जाता ९,३००, तासाला १८६. नऊच मुलांची आली तर ७,६५०, खर्च वजा जाता ६,७५०, तासाला १३५. हा १३५ चा आकडा तुम्हाला चालणार असेल तर फी बरोबर आहे. चालणार नसेल तर फी वाढवा किंवा तयारीचा वेळ कमी करा. मुलांची संख्या मात्र वाढवू नका, कारण ती आपण आठ मिनिटांवरून ठरवली आहे.

यानंतर आजूबाजूला दोन-तीन ठिकाणी फी विचारा. तुमच्या आकड्यापेक्षा त्यांची बरीच कमी असेल तर त्यांच्याकडे किती मुलं आहेत तेही विचारा. वीस मुलांच्या बॅचची ५०० रुपये फी आणि सहाच्या बॅचची ८५०, या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि पालकांना मिनिटांचा हिशेब सांगितला की ते पटकन समजतात. "टीचर, जरा कमी करा ना" हे तरीही येणारच. तेव्हा फी कमी करण्याऐवजी विषय कमी करा. फक्त गणित आणि इंग्रजी हवं असेल तर आठवड्यातून दोन दिवस, फी ६००. काम तेवढंच ठेवून आकडा उतरवला की उरलेल्या अकरा घरी ती बातमी संध्याकाळपर्यंत पोचते.

सवलत द्यायची असेल तर तिचं कारण ठरलेलं असू द्या. दुसऱ्या भावंडाला मी २०० रुपये कमी करते, मोफत घेत नाही, कारण आठ मिनिटं त्यालाही लागतात. घरची परिस्थिती खरोखर हलाखीची असेल तर एका वर्षाला एकच जागा निम्म्या फीत किंवा बिनफीची ठेवा. ती कुणाची हे तुम्ही आणि त्या मुलाची आई, दोघींनाच माहीत हवं.

फी महिन्याच्या पाच तारखेपर्यंत, आगाऊ. जून ते मार्च दहा महिने सारखीच. चवथीला क्लास कमी झाले म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरची फी कापायची नाही, कारण वर्षाचे ११० क्लास आधीच सुट्ट्या वगळून धरले आहेत. हे जूनच्या आधी कागदावर लिहून द्या, नाहीतर दर चवथीला तोच वाद. मूल आलं नाही तर फी कमी होत नाही. तुम्ही क्लास रद्द केलात तर तो भरून द्यायचा. एप्रिलचे शाळेचे दिवस घ्यायचे ठरवले तर अर्धी फी. मे महिन्याची फी नाही.

पैसे यूपीआयने आले तरी एक वही ठेवा: तारीख, मुलाचं नाव, महिना, रक्कम, सही. पैसे आजी देते, पप्पा म्हणतात दिले नाहीत, असं होतं. ही वही विवरणपत्र भरतानाही कामाला येते, कारण ट्यूशनची फी हे उत्पन्नच आहे. जीएसटीची काळजी सेवांच्या बाबतीत वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत करायची नाही, आणि बारा मुलांत तिथवर कोणी पोचत नाही.

थकलेली फी मुलाकडे मागायची नाही, इतर मुलांसमोर तर नाहीच. दहा तारखेला पालकांना एक साधा निरोप: "नमस्कार, सप्टेंबरची फी राहिली आहे, जमेल तेव्हा पाठवा." दुसरा महिनाही राहिला तर फोन करून भेटायला बोलवा. बहुतेक वेळा अडचण खरी असते आणि दोन हप्त्यांत पैसे येतात. दंड लावण्याच्या भानगडीत मी पडत नाही. ज्यांना आपण देवळात आणि बाजारात रोज भेटतो त्यांना पन्नास रुपये दंड लावून काय मिळवणार?

दर क्लासला काय करून घ्यायचं

बॅच, वेळ, फी ठरली तरी पन्नास मिनिटं कशात घालवायची हा प्रश्न उरतोच. या मुलांसाठी एक वेगळी वही करा. पानावर तीन रकाने: शाळेच्या पुस्तकातला इंग्रजी शब्द, त्याचा मराठीतला शब्द जो त्यांनी चौथीत शिकलेला आहे, आणि तिसऱ्यात मुलाने स्वतः काढलेलं चित्र किंवा उदाहरण. न्युमरेटर, अंश, आणि शेजारी भाकरीच्या चार तुकड्यांतले तीन रंगवलेले. डिनॉमिनेटर, छेद. रिमेंडर, बाकी. एका क्लासला पाचच शब्द, जास्त नाही. पाठांतर मी घेत नाही. पुढच्या क्लासला मराठीचा रकाना हाताने झाकून चित्रावरून अर्थ विचारते.

प्रश्नपत्रिकेतल्या सूचना हा वेगळा विषय. 'गिव्ह रीझन्स' म्हटल्यावर व्याख्या लिहून आलेली, 'मॅच द कॉलम्स'मध्ये नुसत्या रेघा मारून उत्तरं न लिहिलेली मुलं मी दरवर्षी पाहते. धडा येत असून गुण जातात. शाळेच्या मागच्या चार-पाच टेस्ट गोळा करा, त्यांतल्या फक्त सूचना एका कागदावर उतरवा. दहा-बाराच निघतात. प्रत्येक सूचनेला काय करायचं असतं ते मुलाने मराठीत शेजारी लिहायचं आणि एक-एक उत्तर करून दाखवायचं. जुलैची पहिली टेस्ट व्हायच्या आत एवढं झालं पाहिजे.

दिवाळीपर्यंत शिकवताना मराठी-कोकणीचा वापर मोकळा ठेवा. दिवाळीनंतर नवा भाग आधी इंग्रजीतून सांगा, मग अडलं तिथे मराठी. जानेवारीत तेच जूनचं नारळाचं उदाहरण, आकडे बदलून, पुन्हा इंग्रजीत द्या आणि जूनच्या पानाशेजारी ठेवा. ज्यांचं अजून अडतं त्यांच्या पालकांना तेव्हाच बोलवा, मार्चमध्ये नाही.

सातवं मूल

जुलैत पहिल्या टेस्टचे गुण आले की दारात नवे पालक उभे राहतात. "एकच तर आहे टीचर, कोपऱ्यात बसेल." सातवं मूल घेतलं की प्रत्येकाची आठ मिनिटं सातवर येतात, आणि आठवं आलं की सहावर. तरीही पहिल्याला 'हो' म्हटलं की दुसऱ्याला 'नाही' म्हणायला तोंड उरत नाही. मी नाव आणि फोन नंबर प्रतीक्षेच्या पानावर लिहून घेते, जागा झाली की याच क्रमाने बोलावते, आणि तोवर घरी रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन घ्या म्हणून सांगते. पानावर पाच-सहा नावं एकाच इयत्तेची, दोन शाळांची जमली तर तिसऱ्या बॅचचा विचार करता येतो. पण तिची वेळ आधी शोधा. साडेतीन ते पाच सहाही दिवस भरलेले आहेत, म्हणजे सव्वापाच ते पावणेसात. त्यात तयारीसह महिन्याला पंचवीस तास वाढतात, आणि ती वेळ तुमच्या स्वयंपाकाची, स्वतःच्या मुलांची असते. त्या पंचवीस तासांना १५० च ठेवायचे की जास्त, हे घरच्यांशी बोलून ठरवा आणि फीचा हिशेब त्या बॅचसाठी वेगळा मांडा.

फी वाढवायची असेल तर फक्त जूनपासून, आणि पालकांना मार्चच्या फीच्या वेळी सांगा, म्हणजे दुसरीकडे जायचं त्याला सुट्टीत शोधायला वेळ मिळतो. मधूनच सोडायचं असेल तर त्यांनी एक महिना आधी कळवायचं, तुम्ही बंद करणार असाल तर तुम्हीही तेवढंच आधी.